सेव कम, जीरावन ज़्यादा

ऑफिस सुटलं की पलासियापासून महूनाक्यापर्यंत गाडी माझ्या हातात असते. अन्नपूर्णा रोडला लागलं की मात्र ती नाकाच्या ताब्यात जाते. एका कोपऱ्यावर खोपरा पॅटिस कढईत उतरत असतात, त्याच्या पुढे कचोरी, आणि थंडीत तर तळलेल्या गराडू कंदाचा तो तुपट-मातकट वास हेल्मेटच्या काचेतूनसुद्धा आत येतो. सव्वासहाची वेळ. दुपारचा डबा एकला संपलेला, घरचं जेवण नऊच्या आत नाही. इंदूरच्या माणसाला या वेळी ‘भूक लागली’ म्हणायची लाज वाटते, म्हणून तो म्हणतो, ‘ज़रा कुछ चटपटा हो जाए’.

गेल्या पावसाळ्यात डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलं. आमची भाची आहारशास्त्र शिकलेली. तिने माझा हिशेब मांडून दिला: वजन आहे तसं राहायला मला दिवसाला साधारण १८५० कॅलरी लागतात, १४५० खाल्ल्या तर रोज ४०० ची तूट. शरीरातली एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७७०० कॅलरी, म्हणजे महिन्याकाठी दीड किलो. कागदावर फार सोपं होतं. तीन आठवडे मी नाकाला चिमटा लावल्यासारखी सरळ घरी गेले. चौथ्या शनिवारी दोन कचोऱ्या, एक पॅटिस आणि वर जलेबी. भाचीला फोन केला तर ती रागावली नाही. म्हणाली, “मावशी, रोजच्या १४५० मध्येच संध्याकाळचे २०० काढून ठेव, आणि त्या २०० मध्ये काय बसतं ते शोध.”

मग मी शोधायला लागले. अकाउंट्सची नोकरी, त्यामुळे अंदाजावर विश्वास नाही. घरच्या डिजिटल काट्यावर, ज्याच्यावर सासूबाई अनारशाचं पीठ मोजतात, मी एकेक जिन्नस आणून ठेवला.

पहिली कचोरी. वजन ७५ ग्रॅम, म्हणजे सुमारे ३०० कॅलरी. एका कचोरीने दिवसाच्या तुटीचे बारा आणे खाल्ले. मी आजवर कचोरी कागदात दाबून तेल काढायचे आणि स्वतःला शाबासकी द्यायचे. ते निव्वळ समाधान होतं. तळताना पदार्थातून वाफ जोरात बाहेर येत असते, तोवर तेलाला आत शिरायला वाव कमी मिळतो. बरंचसं तेल शिरतं ते कढईतून काढल्यावर: पदार्थ निवायला लागतो, आतली वाफ आकसते आणि पृष्ठभागावरचं तेल आत ओढलं जातं. तेव्हा झाऱ्यावर गरमागरम निथळलं तर उपयोग. परातीत दहा मिनिटं बसलेली कचोरी कागदात दाबली तर फक्त बाहेरचं पुसलं जातं. शिवाय कचोरी खस्ता होते ती पिठात घातलेल्या मोहनाने. ते तेल तर कणकेच्या पोटातच असतं, त्याला कोणता कागद पुसणार? आणि ‘गरम कर दूँ?’ म्हणत दुकानदार ती परत तेलात सोडतो, ते वेगळंच. गराडूचंही तसंच. कंद बिचारा साधा असतो. पण कुरकुरीत व्हायला तो बहुतेक ठिकाणी दोनदा तळतात.

मग पताशे, म्हणजे आपली पाणीपुरी. बाजारातून नुसत्या पुऱ्यांचं पाकीट आणलं. २५ पुऱ्या भरल्या ११० ग्रॅम. एक पुरी साडेचार ग्रॅमचीसुद्धा नाही! तळलेलीच वस्तू, १०० ग्रॅमला ५०० कॅलरी धरल्या तरी एकीच्या वाट्याला २२ येतात. त्यात बटाटा-हरभऱ्याचं बोटभर सारण, आणखी १०. म्हणजे भरलेला पताशा बत्तीसेक, आणि सहा पताशे १९०. बाकी सगळं पाणी, आणि पुदिना, हिंग, जिरं, लसूण, लिंबू यांना कॅलरीच्या वहीत जवळपास खातंच नाही. माझ्या २०० मध्ये ते बसले!

पण आकड्यापेक्षा मला त्यातली चाल आवडली. कचोरी चार घासांत संपते आणि पाचव्या घासाला दुसरी मागावी वाटते. पताशा एकेक येतो. प्रत्येकाला तोंड पूर्ण उघडावं लागतं, डोळ्यांत पाणी येतं, मध्ये श्वास घ्यावा लागतो, पुढच्याला हिंगाचं की लसणाचं ते ठरवावं लागतं. सहा पताशे म्हणजे सहा वेगळ्या गोष्टी घडल्याचं समाधान. ३० ग्रॅमपेक्षा कमी तळणीत इतका तमाशा दुसरा कोणता पदार्थ करतो?

यातही दोन चोरवाटा आहेत. एक मीठा पानी. गुळा-साखरेची चटणी मोठा चमचाभर पोटात गेली तर पस्तीस-चाळीस कॅलरी. प्रत्येक पताशात थोडी थोडी म्हटली तरी सहाव्यापर्यंत एक पताशा जास्तीचा खाल्ल्यासारखं होतं. मी चार तिखट आणि शेवटचा गोड घेते. दुसरी चोरवाट शेवटची सुकी पुरी. ती फुकट असते, म्हणून आपण ती खाण्यात धरत नाही. तिच्यात बटाटा दुप्पट आणि वर सेवेचा डोंगर. माझ्या अंदाजाने पन्नास-साठ. फुकटची वस्तू सोडणं मराठी माणसाला जमत नाही, मलाही जमलं नाही. म्हणून मी पताशे पाचच घेते आणि सुकी सहावी धरते.

सेवेचं मात्र नीट सांगायला हवं, कारण आमच्या गावचा खरा गुन्हेगार तोच. इंदूरात पोहे सकाळपुरते नसतात, संध्याकाळीही ठेल्यावर मिळतात. पाण्याच्या वाफेवर ठेवलेले ते पोहे माझ्या घरच्या फोडणीपेक्षा कमी तेलाचे असतात. लहान प्लेट, दीडशे ग्रॅम म्हणा, दोनशेच्या आसपास. वा, बसलं! असं मला वाटलं, आणि मग पोहेवाल्याने त्यावर मूठ उघडली. एकदा त्याला म्हटलं, “भिया, इतनी ही सेव अलग काग़ज़ में दे दो.” त्याने माझ्याकडे पाहिलं तसं कोणी वेड्याकडेही पाहत नाही. घरी येऊन तोललं: २२ ग्रॅम. बेसन आणि तेल, १०० ग्रॅमला साधारण ५५० कॅलरी. म्हणजे त्या एका मुठीच्या १२० झाल्या. पोह्यांच्या निम्म्याहून जास्त वजनदार हिशेब वर नुसता भुरभुरलेला! उसळ-पोहे घेतले तर तर्रीवरचं तेल आणखी वेगळं.

सेव काढून टाकली की पोहे पोरके होतात, हे मी दोन दिवस करून पाहिलं. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की जीभ मागते ती सेव नव्हे, जीरावन. तो काळपट, आंबट-खारट, सुंठ-जिऱ्याचा वास मारणारा मसाला चिमूटभर पडला, वर लिंबू पिळलं, कच्चा कांदा आला, की ‘चटपटा’ या शब्दातलं जे काही असतं ते सगळं आलं. त्याच्या चिमटीला वजन नाही की कॅलरी नाहीत. सेवेचं काम फक्त कुरकुर करण्याचं, आणि ते चमचाभर सेवही करते. तेव्हापासून माझी ऑर्डर ठरली आहे: “सेव कम, जीरावन ज़्यादा.” ‘सेव बिल्कुल नहीं’ म्हणून पाहिलं होतं, पण हात सवयीनेच चालतो, त्याला ‘नाही’ ऐकू येत नाही, ‘कम’ येतं.

नावावरून फसायला होतं, तेही सांगून टाकते. भुट्टे का कीस मला बराच काळ मक्याची भाजी वाटायची; तो किसलेला मका तुपात परतून दुधात शिजवतात. त्यापेक्षा निखाऱ्यावर भाजलेलं कणीस घ्यावं, लिंबू-मिठासकट दीडशेच्या आत राहतं आणि संपायला अर्धा रस्ता लागतो. आणि पुण्याहून आलेल्या नणंदेने डाएटवर म्हणून शिकंजी मागवली होती. तिला लिंबूपाणी अपेक्षित होतं. इंदूरची शिकंजी म्हणजे आटवलेलं दूध नि सुकामेवा. तिने तक्रार केली नाही, ग्लास मात्र पूर्ण संपवला.

एक घोळ मी स्वतः घातला. पताशे सुरू केले त्याच्या दुसऱ्या सकाळी काट्यावर उभी राहिले तर ७०० ग्रॅम वाढलेले. रडूच आलं. सहा पताशांनी ७०० ग्रॅम? मग वहीच उघडली. इतकी चरबी वाढायला खर्चापेक्षा सुमारे ५४०० कॅलरी जास्त खाव्या लागतात, आणि मी तर १४५० च्या आत होते. ते मीठ होतं. पताशाच्या पाण्यात साधं मीठ, काळं मीठ, जीरावनातही मीठ. मीठ शरीरात पाणी धरून ठेवतं. दोन-तीन दिवसांत काटा पूर्वीच्या जागी आला. आता मी रोजच्या आकड्याकडे बघत नाही, आठवड्याची सरासरी काढते. ज्यांना ब्लड प्रेशर आहे त्यांना मात्र हे मीठ नुसतं काट्यापुरतं नाही. आमच्या ह्यांना आहे, त्यामुळे त्यांना मी दोनाच्या पुढे देत नाही.

घरी सुरुवातीला लपवाछपवी व्हायची. पताशे खाऊन आले तरी रात्री दोन पोळ्या निमूट खायच्या, आणि पुन्हा हिशेब शंभराने चुकायचा. एक दिवस सासूबाईंनीच दारात विचारलं, “खाऊन आलीस ना? ओढणीवर पुदिन्याचं पाणी सांडलंय. सांगत जा गं, मी तुझी एक पोळी कमी लाटते.” आता मी चावी अडकवतानाच सांगते. पताशे असले की एक पोळी, पोहे असले की एक पोळी आणि भाजी जास्त, कणीस असलं की दोन. त्या हसतात आणि परातीत कणीक मोजून घेतात.

परवा पताशेवाल्याने मला सहावी देताना वर दोन बोटांच्या चिमटीत सेव धरली आणि शेजारच्या पोराला सांगितलं, “देख, ये दीदी वाली सेव है.” त्या पोराने पुढच्या गिऱ्हाइकाला मूठभर घातली. त्या बाई मूठ बघून माझ्याकडे बघत राहिल्या, आपल्यालाच जास्त मिळाली याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर मावेना.