‘आधीची नोकरी का सोडली?’ या प्रश्नाचं माझं उत्तर

वाळूजमधल्या एका ऑटो पार्टच्या कंपनीत मी क्वालिटीला होतो. तिथून निघालो ते सरळ निघणं नव्हतं. दुपारी प्लांट हेडनी केबिनमध्ये बोलावून राजीनामा लिहून मागितला आणि संध्याकाळी मी गेटवर आयकार्ड जमा करून बाहेर पडलो. नोटीस पिरियड करू दिला नाही, हातात दुसरी नोकरी नव्हती.

कारण होतं बोअरचं, म्हणजे पार्टमधल्या भोकाचं माप. ड्रॉइंगवर बोअर २०.००० ते २०.०२१ मिलिमीटर. एका लॉटमधले बरेच नग एअर गेजवर २०.०२४ च्या पुढे दाखवत होते. जास्तीचे तीन-चार मायक्रॉन म्हणजे डोळ्याला दिसणारी गोष्ट नाही, आणि कदाचित ते नग असेम्ब्लीत बसलेही असते. पण ड्रॉइंगबाहेरचा माल पाठवायचा असेल तर आधी ग्राहकाची परवानगी लागते. आयएटीएफ १६९४९ या ऑटो क्षेत्राच्या क्वालिटी स्टँडर्डमध्ये ही अट आहे आणि शॉपफ्लोरवर आम्ही त्याला डेव्हिएशन घेणं म्हणतो. महिनाअखेर होती. साहेबांचं म्हणणं, डेव्हिएशनचा मेल टाकू, पण गाडी आज निघू दे. मी रिपोर्टवर ओके लिहिलं नाही आणि लॉटला होल्डचा टॅग लावला. पुढच्या काही दिवसांत राजीनाम्याचा विषय निघाला.

मित्रांनी लगेच सल्ले दिले. घरच्या अडचणीमुळे सोडली म्हण. ग्रोथ नव्हती म्हण. पण ग्रोथसाठी सोडणारा माणूस हातात ऑफर लेटर असल्याशिवाय सोडत नाही, हे एचआरमधल्या नवख्या पोरालाही कळतं. राजीनाम्याची आणि रिलीव्हिंगची तारीख एकच होती, तीही लेटरवर दिसत होती. शिवाय वाळूज, चिकलठाणा आणि शेंद्रा धरून आपल्याकडची क्वालिटीची माणसं एकमेकांना ओळखतात. कुणीतरी कुणाच्या तरी हाताखाली काम केलेलं असतंच. खोटं बोललो असतो तर ते एका फोनमध्ये उघडं पडलं असतं.

आमच्या कॉलनीत एक तात्या आहेत. एका कारखान्यात पर्सोनेलला सगळी नोकरी काढून रिटायर झालेत. मी त्यांच्याकडे कागद घेऊन गेलो. कागदावर माझं उत्तर लिहिलेलं होतं, पानभर. त्यांनी चष्मा लावून पहिलं वाक्य मोठ्याने वाचलं: “साहेबांनी खराब माल पास करायला माझ्यावर दबाव टाकला.”

“आता मला सांग,” तात्या म्हणाले, “तुझे साहेब इथं शेजारच्या खुर्चीवर बसलेत. हे वाक्य ऐकून ते काय म्हणतील?”

“खोटं आहे म्हणतील.”

“कशाला खोटं म्हणतील?”

मी विचार केला. ‘खराब’ला ते हरकत घेतील, कारण त्यांच्या मते माल चालण्यासारखा होता. ‘दबाव’ला घेतील, कारण त्यांच्या मते त्यांनी फक्त सांगितलं होतं. तात्यांनी दोन्ही शब्दांवर काट मारली. “मग असं लिही की ज्याला त्यांनाही नाही म्हणता येणार नाही. खरं सोडायचं नाही, पण ज्यावर भांडण होईल ते तिथं कशाला काढायलास? समोरचा काय न्यायनिवाडा करायला बसलाय का?”

ही चाळणी मी पुढे प्रत्येक वाक्याला लावली. ‘लॉटमधले काही नग मापाबाहेर होते’ हे राहिलं, कारण रिपोर्टवर आकडे होते. ‘मला आधी ग्राहकाची लेखी मंजुरी हवी होती’ हे राहिलं. ‘त्यांना क्वालिटीची किंमत नव्हती’ हे गेलं. ‘तिथे सगळंच असं चालायचं’ हेही गेलं, कारण मला माहीत होता तो एक लॉट. आणि ‘मी राजीनामा दिला’ एवढंच लिहिलं होतं, त्यात तात्यांनी भर घातली: “दिला का मागितला? मागितला असेल तर तसं सांग. लपवलेलं नंतर कळलं की बाकीचं खरंही खोटं वाटायलंय लोकांना.”

दुसरी गोष्ट त्यांनी सांगितली ती मला जड गेली. साहेबांची बाजू एका वाक्यात, त्यांना पटेल अशा शब्दांत मांडायची. मी दोन-तीनदा लिहिलं आणि प्रत्येक वेळी त्यात टोमणा आला. शेवटी जे जमलं ते असं: डिस्पॅच वेळेवर जाण्याची जबाबदारी त्यांच्यावर होती आणि लाइन थांबली तर ग्राहकाचं बोलणं त्यांनाच ऐकावं लागायचं. हे खरं होतं. ग्राहकाचे फोन त्यांनी घेतलेले मी पाहिले होते.

असं होत होत पानाचं उत्तर एवढंच राहिलं:

“एका लॉटमध्ये काही नग मापाबाहेर होते. ते पाठवण्याआधी ग्राहकाची लेखी मंजुरी घ्यावी असं माझं मत होतं. डिस्पॅचची जबाबदारी प्लांट हेडवर होती आणि त्यांना गाडी थांबवायची नव्हती. आमचं जुळलं नाही. नंतर त्यांनी मला राजीनामा द्यायला सांगितलं, तो मी दिला आणि त्याच दिवशी मला रिलीव्ह केलं.”

बोलायला अर्ध्या मिनिटाच्या आसपास लागतो. त्यानंतर गप्प बसायचं, हे मात्र सराव करून शिकावं लागलं. समोरचा काही क्षण बोलत नाही, लिहीत असतो, आणि त्या शांततेत आपल्याला आणखी काहीतरी सांगावंसं वाटतं. तक्रार नेमकी तिथेच तोंडातून निघते. बायकोसमोर बसून म्हणायचो आणि शेवटच्या वाक्यानंतर ती मुद्दाम काही बोलायची नाही.

एका ठिकाणी हे उत्तर ऐकून साहेब स्पष्ट बोलले, “आमच्याकडे थोडं ॲडजस्ट करावं लागतं.” पुढे फोन आला नाही. मला त्याचं वाईट वाटलं नाही; तिथे गेलो असतो तर तोच लॉट, तोच टॅग आणि तोच राजीनामा.

शेंद्र्याच्या कंपनीतली मुलाखत मात्र लक्षात राहण्यासारखी झाली. समोर क्वालिटी हेड आणि एचआरच्या मॅडम. उत्तर संपलं, आणि क्वालिटी हेड खुर्चीत मागे रेलून हसले.

“तुमच्या प्लांट हेडना मी ओळखतो. एका कंपनीत होतो आम्ही. जाम तापट माणूस. नाही का?”

याची तयारी मी केली नव्हती. समोरचाच नाव ठेवतोय म्हटल्यावर होकार द्यायला काय जातंय, असं वाटतं. पण मी हो म्हटलं असतं तर पुढच्या दहा मिनिटांत माझ्या तोंडून काय काय निघालं असतं कोण जाणे. आणि ‘नाही हो, फार चांगले होते’ म्हणणंही खोटं झालं असतं. मी म्हणालो, “कामात कडक होते. प्रोसेस शीट कशी वाचायची ते मी त्यांच्याकडूनच शिकलो. या एका बाबतीत आमचं जुळलं नाही.” त्यांनी विषय वाढवला नाही.

मग मॅडमनी विचारलं, “आम्ही त्यांना फोन केला तर ते तुमच्याबद्दल काय सांगतील?”

हा प्रश्न घरी धरला होता. “हा माणूस ऐकत नाही, गाडी अडवतो, असं सांगतील बहुतेक. रिपोर्टमधले आकडे चुकीचे असायचे, असं सांगणार नाहीत असं मला वाटतं. प्रॉडक्शन मॅनेजर माझ्यासोबत रोज काम करायचे. त्यांना विचारून मी त्यांचा नंबर रेफरन्सला दिला आहे.” रेफरन्स देण्याआधी त्या माणसाला फोन करून काय झालं, मी मुलाखतीत काय सांगतोय, हे सांगून ठेवलं होतं. तो त्याच कंपनीत असेल तर त्याची अडचण होणार नाही ना, हेही विचारायला हवं. माझे मॅनेजर तोवर दुसरीकडे गेले होते म्हणून सोपं गेलं.

क्वालिटी हेडनी पुढे दोन गोष्टी विचारल्या. ग्राहक कोण, आणि तो माल शेवटी गेला का. पहिल्यावर मी म्हणालो, नाव सांगता येणार नाही. दुसऱ्यावर जे खरं ते: “मी निघालो तेव्हा लॉट होल्डवर होता. पुढचं मला माहीत नाही.” इथे अंदाज बांधला असता तर तो कंपनीवर आरोप झाला असता, आणि माझ्याकडे त्याला आधार नव्हता.

तोंडी उत्तराइतकाच त्रास कागदाचा. मुलाखतीआधी भरून घेतात त्या फॉर्मवर ‘सोडण्याचे कारण’ असा बारका रकाना असतो. तिथे गडबडीत ‘वैयक्तिक’ लिहून आत खरं सांगितलं तर दोन वेगवेगळी उत्तरं फाइलला लागतात. मी ‘कामाबाबत मतभेद, कंपनीच्या सांगण्यावरून राजीनामा’ असं लिहायचो. माझ्या लेटरवर ‘राजीनामा’ होता म्हणून हे चाललं. लेटरवर कामावरून काढलं असं असेल तर राजीनामा लिहू नये. पडताळणीत कंपनी तिच्या नोंदीप्रमाणेच सांगते. पगार अडकलाय, लेबर ऑफिसला तक्रार आहे किंवा छळाचं प्रकरण आहे, अशा वेळी माझी ही पद्धत पुरेशी नाही. तिथे ‘तो विषय योग्य ठिकाणी चालू आहे, इथे तपशील सांगता येणार नाही’ एवढंच म्हणावं असं तात्यांचं मत होतं, आणि मलाही ते पटतं.

पीएफचं एक राहिलं होतं. जुन्या कंपनीने माझी निघाल्याची तारीख भरलीच नव्हती. पोर्टलवर मी अजून तिथेच नोकरीला दिसत होतो, आणि शेंद्र्याच्या मॅडमनी सर्व्हिस हिस्टरीची प्रत मागितली होती. जुन्या एचआरला मेल केला, उत्तर नाही. नोकरी सुटून दोन महिने झाले की ही तारीख आपल्याला स्वतः भरता येते: ईपीएफओच्या मेंबर पोर्टलवर `Manage` मध्ये `Mark Exit`, मग आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी. भरलेली तारीख नंतर सहज बदलता येत नाही, म्हणून रिलीव्हिंग लेटर समोर ठेवूनच भरली.

पडताळणीत जुन्या कंपनीने तारखा, हुद्दा आणि ‘राजीनामा’ एवढंच कळवलं. जॉइन झाल्यावर क्वालिटी हेडनी पहिल्याच आठवड्यात विचारलं, “तुमच्याकडे डेव्हिएशनचा फॉर्म कसा होता? दाखवा बरं.” मी म्हणालो, “सर, तो त्यांचा फॉरमॅट आहे, माझ्याकडे नाही. आपला आपण बनवू.” आणि त्या दुपारी आम्ही कोऱ्या शीटवर रकाने आखायला बसलो.