रातीची लाईट आणि एक अभंग

मंगळवार, रात्रीचे साडेतीन

केळीला पाणी लावून आलोय. झोप तर गेलीच आहे, म्हणून वही काढली. या आठवड्यात रातीची लाईट. ज्येष्ठ सरत आला तरी आभाळाचा पत्ता नाही. मुक्ताईची पालखी पंढरीच्या वाटेला लागून बरेच दिवस झाले, आणि आम्ही राहिलेले एकादशीच्या भजनासाठी गावातच. मंडळात सगळ्यांसमोर मी बोलून बसलो होतो, या एकादशीला स्वतः लिहिलेला अभंग म्हणीन म्हणून.

रविवारी पहिलं कडवं विणेकरी बाबांना ऐकवलं:

तुझिया चरणी । ठेवितो मी माथा ।
दीनांचिया नाथा । सांभाळावे ॥

बाबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरं हाये. पण हे त आपण रोजच म्हणतो ना भो. यात तुझं काय हाये?"

राग आला, पण घरी येऊन पाहिलं तर खरंच होतं. मोजमापात चूक नव्हती. मोठ्या अभंगाचं माप तसं सोपं: तीन चरण सहा-सहा अक्षरांचे, चौथा चारचा, आणि दुसऱ्या-तिसऱ्याचं यमक. ऱ्हस्व-दीर्घ बघायचं नाही. जोडाक्षर एकच धरायचं; 'थोड्याच' म्हणजे थो-ड्या-च, तीन. बोलताना आपण 'वाजलेत'मधला 'ज' अर्धाच म्हणतो, पण टाळावर तो पुरा म्हटला जातो, म्हणून त्याची अक्षरं चार. मी तर प्रत्येक ओळ बोटांवर मोजतो.

गोम अशी की जुने शब्द या मापासाठीच घडल्यासारखे आहेत. 'तुझ्या' दोन अक्षरांचा, एक कमी पडलं की 'तुझिया' हजर. 'दीनांच्या'ला 'दीनांचिया', आणि यमकाला 'तोवर'चं 'तोवरी'. भोक पडलं की जुनं ठिगळ लावून मोकळं. मग मी एकच कसोटी धरली: ही ओळ बांधावरून बायकोला हाक मारून सांगितली तर ती "काय?" म्हणेल का? म्हणाली तर ओळ खोडायची. चरणी, माथा, भवसागर, सावळा, कटीवर कर, सगळं गेलं. वहीत उरला नुसता 'विठू'.

आमच्याकडे दुसरी एक अडचण आहे. शेतातलं काही लिहायला बसलं की बहिणाबाई कानात बोलू लागतात. त्यांचं माहेर आसोदं इथून फार लांब नाही, त्यांच्या ओव्या आईच्या तोंडून ऐकलेल्या. म्हणून मोट, जातं, पेरणी यांच्या वाटेला गेलोच नाही. ठिबकच्या नळीवर त्यांनी काही लिहिलेलं नाही, तेवढी जागा मोकळी होती.

आज रात्री नेमकी एक नळी बंद पडली. क्षार धरला असणार. ड्रीपर काढून फुंकत बसलो, बॅटरी दातात. तिथंच तिसरं कडवं सुचलं. बाकीची त्याच्या मागंपुढं जुळवली:

दोन वाजलेत । लाईटही आली ।
झोपही निघाली । माझ्यासंगं ॥

तुझा तो काकडा । थोड्याच वेळात ।
मीही या मळ्यात । जागा आहे ॥

एका नळीतून । पाणी येत नाही ।
अडकलं काही । माझ्यातही ॥

विठू, धर जरा । हातात बॅटरी ।
दिसू दे ही सरी । तेवढीच ॥

शेवटच्या कडव्यानं फार छळलं. 'बॅटरी'ला यमक म्हणून आधी 'फुंकतो तोवरी' लिहिलं. माप बरोबर, यमक बरोबर, पण 'तोवरी' आमच्या घरात कोण म्हणतं? 'घरी' घालून पाहिलं तर विठूला उगाच घरी न्यावं लागत होतं. यमक असं अर्थाला ओढायला लागलं की चरण सोडून द्यावा हे आता कळतंय. मग पायाखालीच सरी दिसली. चौथा चरण चारच अक्षरांचा, चाल तिथं टेकते, म्हणून तिथं मोठा शब्द नको वाटला. 'कृपा करी' चारात बसत होतं. 'तेवढीच' ठेवलं.

'माझ्यातही' अजून खटकतंय. जरा हुशारी केल्यासारखं होतं. पण ते काढलं तर नुसती नळीची तक्रार उरते, ती तर मी दुकानदाराकडंही करतो.

शेवटी नाव घातलं नाही. 'अमुक म्हणे' लिहिलं की कोणाचा तरी सदरा अंगात घातल्यासारखं वाटतं. बाबा विचारतील, मुद्रा कुठं? आणि 'बॅटरी' ऐकून मागची पोरं हसतील, हेही धरून चाललोय.

चार वाजले. ती नळी अजून थेंबथेंबच देतेय. लाईट जायच्या आत एक चक्कर मारून येतो.