पाचच्या मागे कोरं, सातच्या मागे सहा

कोजागिरीला दोन दिवस उरले होते आणि भुलाबाईच्या गाण्यांच्या 40 पुस्तिकांपैकी 34 रद्दीत जमा झाल्या होत्या. अजून चीड जात नाही.

ए-फोर कागद मधोमध दुमडून पुस्तिका करायची होती. मजकूर 22 पानांचा. दुमडलेल्या एका कागदावर चार पानं बसतात, म्हणून 24 पानं, सहा कागद. दोन कोरी पानं मीच मलपृष्ठाच्या आधी घातली, नाहीतर Booklet छपाईत ती शेवटी जोडली जातात आणि मलपृष्ठ आत जातं. हे जमलं म्हणून मी खुशीत होते.

सीताबर्डीच्या दुकानात दोन्ही बाजू छापणारं मशीन बंद. पोरगा म्हणाला, "काकू, एक बाजू काढतो, मंग पलटवून टाकतो न, होऊन जाते." 240 कागद एकदमच घातले. मी वरची पुस्तिका चाळली, ठीक होती, पैसे देऊन निघाले.

घरी सातवी पुस्तिका उघडली तर पाचच्या मागे कोरं, सातच्या मागे सहा. आठवीत तर एकच्या मागे थेट बारा!

आधी फाइलवरच संशय घेतला. 24 पानांच्या पुस्तिकेत कागदाच्या कुठल्याही बाजूवरच्या दोन पानांची बेरीज 25 यायला हवी: 24 आणि 1, त्यामागे 2 आणि 23. सगळीकडे 25 च येत होती! अर्धा तास डोकं खाजवल्यावर उमगलं की ही बेरीज एकाच बाजूची खात्री देते. पुढची बाजू आणि मागची बाजू एकमेकींच्याच आहेत का, ते ती सांगत नाही.

झालं असं की दुसऱ्या फेरीत मशीनने दोन कागद चिकटून ओढले. 5 आणि 20 छापलेल्या कागदाची पाठ कोरी राहिली, तिची 6 आणि 19 ही पानं पुढच्या कागदावर गेली आणि तिथून शेवटपर्यंत सगळं एकेका घराने सरकलं. पोराला विचारलं तर म्हणे, "शेवटी एक कागद कमी पडला होता काकू, मी कोरा टाकला." अरे बाप्पा, तिथेच थांबायचं होतं!

उरलेल्या 34 दुसऱ्या दुकानात, पाच-पाच पुस्तिकांचे गठ्ठे करून. एक बाजू निघाल्यावर कागद जरा निवू दिले, फडफडवून सुटे केले. प्रत्येक गठ्ठ्याची शेवटची पुस्तिका मी स्वतः उलटली. मध्ये कुठेही घसरलं असेल तर ते शेवटी दिसतंच. एकात चौथा कागद फाटका निघाला, तेवढाच Booklet छपाईत Sheets from 4 to 4 करून काढला.

आणि हो, दोन्ही बाजू छापणारं मशीन मिळालं तर Flip on short edge निवडा, नाहीतर मागची पानं उलटी डोक्यावर येतात.

रद्दीतल्या कोऱ्या पाठीवर लेकीने खिरापतीची यादी लिहिली.