फुगलेला कागद आणि साठ गुण

भांडुपच्या केंद्रावरच्या बाई निकाल लागल्याच्या दुसऱ्याच दिवशी परळच्या आमच्या कार्यालयात आल्या. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली एक उत्तरपत्रिका त्यांनी टेबलावर ठेवली. "मॅडम, ही पोरगी माझ्या वर्गात सगळ्यांना गणित समजावून सांगते. तिला दीडशेपैकी साठ? घरी रडून जेवली नाही ती."

शिष्यवृत्ती परीक्षा तेव्हा पाचवीला आणि आठवीला असायची, आणि तिची तयारी म्हणून आमची संस्था मुंबईतल्या शाळांसाठी सराव परीक्षा घेते. ही मुलगी आठवीची. उत्तरपत्रिका ओएमआर पद्धतीची असते, म्हणजे प्रत्येक प्रश्नापुढे चार गोल आणि त्यातला योग्य गोल पेनाने काळा करायचा. सगळ्या पत्रिका परळला आणून मशीनवर स्कॅन करणं परवडत नाही. म्हणून केंद्रावरचे शिक्षक मोबाईलवर फोटो काढून पाठवतात आणि गुण आमच्याकडचा प्रोग्रॅम लावतो. ते काम माझ्याकडे आहे.

आठवीच्या पेपर एकमध्ये पंचाहत्तर प्रश्न असायचे, प्रथम भाषेचे 25 आणि गणिताचे 50, प्रत्येकी दोन गुण. आमच्या पत्रिकेवर त्यांचे तीन स्तंभ केलेत, प्रत्येकात 25 ओळी. त्यामुळे पहिला स्तंभ भाषेचा आणि उरलेले दोन गणिताचे. मी आधी तिची फोड पाहिली. भाषेत पन्नासपैकी 22, गणितात शंभरपैकी 38. तिथेच मला खटकलं. गणितात हुशार असलेल्या मुलीची भाषा कच्ची असू शकते, एखाद्या दिवशी गणितही बिघडू शकतं. पण तिन्ही स्तंभांत जवळपास सारखीच पडझड झाली होती, आणि अभ्यास कच्चा असला तर तो असा सारखा वाटून येत नाही.

प्रोग्रॅम काय करतो ते थोडक्यात सांगते. उत्तरांच्या चौकटीच्या चार कोपऱ्यांत चार काळे चौकोन छापलेले आहेत. फोटो कितीही तिरका असला तरी आधी ते चौकोन शोधायचे आणि त्यांच्या आधारे चित्र ताणून चौकट सरळ आयत करून घ्यायची. OpenCV या चित्रं हाताळणाऱ्या लायब्ररीत `getPerspectiveTransform` आणि `warpPerspective` ही दोन फंक्शनं मिळून हे काम करतात. मग चित्र निव्वळ काळं-पांढरं करायचं. प्रत्येक गोल कुठे छापलाय हे मोजमापावरून ठाऊक असतं, तिथे खिडकी ठेवायची आणि तिच्या क्षेत्रातला किती भाग शाईने भरलाय ते मोजायचं:

```python
ink = cv2.countNonZero(cv2.bitwise_and(th, th, mask=m))
ratio = ink / cv2.countNonZero(m)
```

इथे `th` म्हणजे शाई पांढरी आणि कागद काळा असं उलट केलेलं चित्र, आणि `m` म्हणजे त्या एका गोलाची खिडकी. आमच्या पत्रिकेवर कोरा गोलसुद्धा शून्य येत नाही. कडेची रेघ आणि आतला छापील आकडा मिळून पंधरा-वीस टक्के शाई असतेच. नीट रंगवलेला गोल पाऊणाच्या पुढे जातो. मुलांचा हात हलका-जड असतो म्हणून ठराविक टक्क्यांची एकच रेघ न मारता, त्या प्रश्नाचा सर्वांत काळा गोल घ्यायचा आणि दुसरा एखादा त्याच्या जवळपास काळा असेल तर तोही रंगवलाय असं धरायचं, अशी आमची पद्धत आहे. शेवटी ही उत्तरं उत्तरसूचीशी पडताळायची.

मी वाचलेली उत्तरं आणि उत्तरसूची शेजारी शेजारी मांडली. पहिल्या स्तंभात 1 ते 3 बरोबर. 4 ते 6 मध्ये दोन ठिकाणी एकाच प्रश्नाला दोन-दोन गोल रंगवलेले दिसत होते. 7 पासून 19 पर्यंत जवळजवळ सगळं चूक. मग पुन्हा दोन-दोन गोल, आणि 23 ते 25 बरोबर. दुसऱ्या-तिसऱ्या स्तंभातही तसंच, दोन्ही टोकं शाबूत आणि मधलं सगळं गेलेलं. अभ्यास न झालेल्या मुलाची उत्तरं अशी चुकत नाहीत.

मग मधल्या ओळी निरखून पाहिल्या. प्रश्न 10 ते 15 ची खरी उत्तरं 3, 1, 4, 2, 2, 1. प्रोग्रॅमने 10 ते 14 साठी वाचलेली 1, 4, 2, 2, 1. एक घर सरकवून पाहा, तंतोतंत जुळतात. तिचं प्रत्येक उत्तर प्रोग्रॅमने वरच्या प्रश्नाच्या नावावर टाकलं होतं. तेराव्या प्रश्नाला तेवढे गुण मिळाले होते, कारण 13 आणि 14 दोन्हींचं उत्तर योगायोगाने 2 होतं.

बाईंना सांगितलं, "मुलीचं काही चुकलेलं नाही. थांबा, कुठे बिनसलं ते दाखवते." प्रोग्रॅम जिथे जिथे पाहतो तिथे हिरवी वर्तुळं काढून मूळ चित्रावर ठेवली. पहिल्या ओळीत हिरवं वर्तुळ छापील गोलावर बरोबर बसलं होतं. चौथ्या-पाचव्या ओळीत ते खाली घसरून दोन ओळींच्या मध्ये आलं होतं, आणि बाराव्या ओळीचं वर्तुळ चक्क तेराव्या प्रश्नाच्या गोलावर. पुढे ते हळूहळू परत जागेवर येत गेलं.

कारण समोर टेबलावरच पडलं होतं. ऑगस्टचा पाऊस, दोन दिवस गठ्ठ्यात पडून दमट झालेला कागद. पत्रिका सपाट ठेवली की मधोमध कमानीसारखी उचलली जात होती. मी पट्टी लावून पाहिलं, मधला फुगवटा साधारण सहा मिलिमीटर. आमच्या ओळींमधलं अंतरही सहा मिलिमीटर. कोपऱ्यांवरून चित्र सरळ करण्याची रीत कागद पूर्ण सपाट आहे असं धरून चालते. चार कोपरे जागेवर आले की मधलं सगळं आपोआप जागेवर येईल हे फक्त सपाट पृष्ठभागाला लागू पडतं. वर उचललेला बिंदू तिरक्या कॅमेऱ्याला त्याच्या खऱ्या जागेच्या पलीकडे दिसतो, आणि किती पलीकडे ते फुगवटा आणि फोनचा तिरकेपणा यावर ठरतं. उंचीला कोनाच्या टॅन्जंटने गुणायचं. बाईंना विचारलं, "फोटो कसा काढला होतात?" त्या म्हणाल्या, "अहो, वरून धरला तर ट्यूबलाइटमुळे फोनची सावली पडते ना, म्हणून पायथ्याकडून तिरका धरला." त्यांनी हात धरून दाखवला तो अंदाजे पंचेचाळीस अंशांचा. त्या कोनाचा टॅन्जंट एक. सहा मिलिमीटर फुगवटा म्हणजे सहा मिलिमीटरच सरक, पुरी एक ओळ. टोकांना कागद टेबलाला टेकलेला, म्हणून तिथे काहीच सरकलं नाही.

यात मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट वेगळी होती. पाचवीच्या पेपरात प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर असायचं. तिथे दोन गोल काळे दिसले की प्रोग्रॅम पत्रिका बाजूला काढतो आणि माणूस ती तपासतो. अशा फुगलेल्या कागदावर अर्ध्या ओळीने सरकलेल्या खिडकीत वरच्या आणि खालच्या प्रश्नाचे अर्धवट गोल दिसतात, म्हणजे दोन गोल रंगवल्याचा भास होतो आणि पत्रिका पकडली जाते. आठवीला मात्र प्रत्येक पेपरात वीस टक्क्यांपर्यंत प्रश्नांना दोन बरोबर पर्याय असायचे आणि दोन्ही रंगवले तरच गुण मिळायचे. तिथे दोन गोल रंगवणं ही चूक धरता येत नाही, म्हणून ती धोक्याची घंटा आम्ही आठवीसाठी बंदच ठेवली होती. परीक्षेच्या नियमामुळेच बिघाड झाकला गेला.

पण दोन खऱ्या गोलांत आणि दोन अर्धवट गोलांत फरक असतो, आणि तो आकड्यांत स्पष्ट दिसतो. मी तिच्या पत्रिकेतले तीनशेच्या तीनशे गोल शाईच्या टक्क्यांनुसार चढत्या क्रमाने लावले. चांगल्या फोटोत दोन ढीग पडतात, कोऱ्या गोलांचा खाली आणि रंगवलेल्यांचा वर, मध्ये जवळपास मोकळं. इथे तीस ते पन्नास टक्क्यांच्या मधल्या पट्ट्यात गोलांची गर्दी होती. मुलांनी खोडून पुन्हा रंगवलं तरी तिथे दोन-चार गोल सापडतात, इतके कधीच नाही.

दुरुस्ती दोन टप्प्यांत झाली. त्या दिवशी फक्त एवढंच केलं की पत्रिकेवर फोटोफ्रेमची काच ठेवून कागद सपाट केला, ट्यूबलाइटची चमक काचेवर येणार नाही असं टेबल फिरवलं, आणि फोन उंच धरून बरोबर वरून फोटो काढला. उंच धरला की सावली फिकी पडते. गुण आले 132, भाषेत 44 आणि गणितात 88. तरी बाईंसमोर भोकं पाडलेली उत्तरपट्टी पत्रिकेवर ठेवून हातानेही मोजले. 132 च. बाईंनी तिथूनच मुलीच्या घरी फोन लावला.

मग त्या केंद्राच्या सगळ्या पत्रिका मागवून पुन्हा फोटो काढले. बहुतेकांचे गुण वाढले. एका मुलाचे दोन कमी झाले, कारण सरकलेल्या ओळीने त्याचं एक चुकीचं उत्तर बरोबर ठरवलं होतं. त्याच्या शाळेला मी स्वतः फोन करून तसं कळवलं.

दुसरा टप्पा छापखान्यातला. मोठ्या परीक्षांच्या ओएमआर पत्रिकांच्या कडेला काळ्या आडव्या पट्ट्यांची रांग असते, मशीनला ओळ कुठे आहे ते त्यावरून कळतं. आमच्या स्वस्तातल्या पत्रिकेवर त्या नव्हत्या. आता डाव्या-उजव्या दोन्ही कडांना प्रत्येक ओळीसाठी एकेक पट्टी छापून घेतली आहे. कागद फुगला की त्या पट्ट्याही गोलांबरोबरच सरकतात, म्हणून प्रोग्रॅम आता प्रत्येक ओळीची जागा त्या ओळीच्या दोन पट्ट्यांना जोडणाऱ्या रेषेवरून ठरवतो. शिवाय तीस ते पन्नास टक्के शाईचे गोल जास्त सापडले तर इयत्ता कोणतीही असो, गुण न लावता पत्रिका परत पाठवतो.

यालाही मर्यादा आहे. दोन पट्ट्यांच्या मधली ओळ सरळ आहे हे अजूनही धरलेलंच आहे. कमानीसारखा फुगवटा त्यातून सुटतो, पण दप्तरात कोंबून मधल्याच स्तंभात चुरगळलेला कागद सुटत नाही. तशा पत्रिका परळला येतात आणि भोकांच्या पट्टीनेच तपासल्या जातात.