ब्लू कट चष्मा मी घालत नाही, नाइट मोड मात्र लावते

तुम्ही विचारलंत: ‘डोळे तपासणं हाच तुमचा व्यवसाय. तुम्हीही दिवसभर स्क्रीनसमोर असता, मग ब्लू कट चष्मा का घालत नाही? आणि घालत नाही तर मोबाइलला नाइट मोड कशाला?’

कारण ही दोन वेगळी कामं आहेत. चष्मा विकला जातो डोळे दुखतात म्हणून, आणि नाइट मोड आला झोपेसाठी. चष्म्याची काच निळा प्रकाश अडवते म्हणून विकतात, आणि नाइट मोड स्क्रीन पिवळसर करून तो कमी करतो. दोन्हींत ‘निळा प्रकाश’ हा शब्द येतो, त्यामुळे लोकांच्या मनात एकाचा फायदा दुसऱ्याच्या खात्यावर जमा होतो. दर आठवड्याला कुणीतरी हे विचारतंच, आणि उभ्या उभ्या दिलेल्या उत्तराने कुणाचंच समाधान होत नाही. म्हणून आज बसून लिहिते आहे.

डोळ्याचा पडदा जळेल ही भीती आधी बाजूला ठेवू. अंधाऱ्या खोलीत हातभर अंतरावरच्या मोबाइलचा जो प्रकाश डोळ्यापर्यंत येतो, तो जेमतेम काही दहा-वीस लक्स असतो. बाहेर ढगाळ दिवशीही हजारो लक्स असतात, आणि त्यात निळाही भरपूर असतो. खिडकीपाशी उभं राहून आपण त्याहून कितीतरी जास्त निळा प्रकाश रोज घेतो आणि त्याची कुणाला धास्ती वाटत नाही.

आता डोळे दुखण्याबद्दल. इथे मला एका पेशंटबद्दल सविस्तर सांगायला हवं, कारण त्यांच्यानंतर मी या विषयावर गप्प बसणं सोडलं.

वय शेहेचाळीस, हिशेबाचं काम, दिवसभर लॅपटॉप. दुपारनंतर कपाळ जड व्हायचं, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं टोचायचं, संध्याकाळी अक्षरं पुसट दिसायची. त्यांनी झिरो नंबरचा ब्लू कट चष्मा घेतला होता. पहिले पंधरा दिवस फार बरं वाटलं, मग त्रास परत सुरू झाला. त्या माझ्याकडे आल्या, ते काचा कमी प्रतीच्या निघाल्या का, एवढंच तपासून घ्यायला. सोबत दुकानातून मिळालेला जांभळा लेझर पेन आणि कार्डही होतं. टेबलावर मांडून त्यांनी मला दाखवलं: साध्या काचेतून किरण आरपार जातो आणि कार्डावरचा ठिपका रंग बदलतो, या काचेतून मात्र जात नाही. ‘बघा मॅडम, अडवते तर खरी.’

अडवत होती, यात शंका नाही. पण तसल्या पेनचा किरण साधारण 405 नॅनोमीटरचा असतो, जांभळ्याच्याही टोकाचा. लॅपटॉपच्या एलईडीचा निळा 450 च्या आसपास असतो, आणि 405 ला त्याच्यातून जवळजवळ काहीच बाहेर पडत नाही. म्हणजे काच जे अडवते ते स्क्रीनमधून येतच नाही, आणि स्क्रीनमधून जे येतं त्यातलं बहुतेक ती सोडते. मी त्यांच्याच लॅपटॉपवर पूर्ण स्क्रीनभर #0000FF हा शुद्ध निळा रंग लावला आणि चष्मा डोळ्यांसमोर धरून वर-खाली करायला सांगितला. फरक जेमतेम दिसला. अशा पारदर्शक काचा निळ्यातला साधारण दहा ते पंचवीस टक्के भाग कमी करतात; ब्राइटनेसची पट्टी थोडी खाली ओढली तरी तेवढं होतं. हीच परीक्षा गडद नारिंगी काचेवर करून पाहा, निळी स्क्रीन जवळपास काळी दिसते. तुमच्याकडे चष्मा असेल तर हे घरीच करता येईल. लेझर मात्र कुणाच्या डोळ्यावर मारू नका.

मग तपासणी केली. दोन्ही डोळ्यांना लपलेला +0.75 नंबर निघाला. लांबचं स्वच्छ दिसत असल्याने तो कधी कुणी शोधलाच नव्हता. साठ सेंटीमीटरवरची स्क्रीन स्पष्ट पाहायला डोळ्याला चष्म्याच्या नंबराच्याच मापात सुमारे 1.67 डायॉप्टर जोर लावावा लागतो. त्यात हे 0.75 मिळवा, म्हणजे जवळपास 2.4 झाले. या वयाला एकूण ताकद साडेतीन-चार डायॉप्टरच्या आसपास उरलेली असते आणि त्यातली निम्मी शिल्लक राहिली तरच काम तासन्‌तास आरामात होतं. त्या दिवसभर ताकदीच्या निम्म्याहून जास्त जोर लावून वाचत होत्या. झिरो नंबरची काच, तिच्यावर कोणताही लेप असो, या जोरातलं काहीच कमी करत नाही.

दुसरी गोष्ट अश्रूंची. त्यांना त्यांचीच हिशेबाची शीट वाचायला दिली आणि मी बाजूला बसून पापण्या मोजल्या. मिनिटाला सहा, त्यातल्याही दोन अर्धवट. गप्पा मारताना आपण मिनिटाला पंधरा-वीस वेळा पापणी मिटतो. मग फ्लुरोसीन या रंगाची पट्टी डोळ्याला लावून स्लिट लॅम्पखाली, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणाऱ्या यंत्रातून पाहिलं. (त्या वेळी दिव्यावर निळा फिल्टर लावतात, त्या निळ्या प्रकाशातच तो रंग हिरवा चमकतो.) पापणी उघडली की अश्रूंचा सलग हिरवा थर दिसतो, आणि तो फुटला की त्यात काळे ठिपके उमटतात. निरोगी डोळ्यात दहा सेकंद तरी थर टिकावा. त्यांचा चौथ्या सेकंदाला फुटत होता. स्क्रीनसमोर त्या दहा सेकंदांनी एकदा पापणी मिटणार आणि थर चार सेकंद टिकणार, म्हणजे प्रत्येक दहातले सहा सेकंद बुबुळावरचा थर फाटलेला. वाळू टोचते ती इथे. लॅपटॉपही पुस्तकांच्या चळतीवर उंच ठेवलेला होता. नजर वर असली की पापणी जास्त उघडी राहते आणि डोळा आणखी लवकर सुकतो.

हे सगळं समजावून मी म्हटलं की चष्म्यामुळे काही बिघडलेलं नाही, पण तुमच्या दुखण्याशी त्याचा संबंध नाही. त्या एकदम ताठ झाल्या. म्हणाल्या, ‘म्हणजे पंधरा दिवस मला बरं वाटलं ते खोटं? मी काय मनाचं सांगतेय?’ त्यांचा आवाज कापत होता. पुढे म्हणाल्या की वर्षभर घरात आणि ऑफिसात सगळे ‘तुझं डोकं नेहमीचंच’ म्हणत आले, या चष्म्यामुळे पहिल्यांदा कुणीतरी त्रास खरा धरला होता, आणि आता मीही तेच म्हणते आहे. कागद टेबलावर ठेवून त्या निघून गेल्या.

मी तसं म्हटलेलं नव्हतं, हे आजही सांगते. बरं वाटणं खरंच होतं. नव्या काचेवर परावर्तन कमी करणारा लेप असतो, चमक घटते. फ्रेममुळे पंख्याचा किंवा एसीचा झोत थेट डोळ्यावर येत नाही. नवं काही घेतलं की माणूस थोडे दिवस डोळ्यांची काळजीही जास्त घेतो. यातलं नेमकं काय किती उपयोगी पडलं हे एका माणसात वेगळं काढता येत नाही. म्हणूनच चाचण्यांत काहींना ब्लू कट आणि काहींना साधी काच देऊन तुलना करतात. 2023 मध्ये वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन या संस्थेच्या आढाव्यात अशा 17 चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या. स्क्रीनमुळे येणाऱ्या डोळ्यांच्या थकव्यात साध्या काचेच्या तुलनेत या काचांचा अल्पकाळात फायदा दिसला नाही, आणि झोपेबद्दल ठाम काही निघालं नाही.

त्या तीन-एक महिन्यांनी परत आल्या. स्क्रीनच्या अंतरासाठी +1.50 चा चष्मा, लॅपटॉप खाली, पापण्यांना गरम शेक आणि कृत्रिम अश्रूंचे थेंब, असा उपाय केला. डोकं दुखणं पुष्कळ कमी झालं, टोचणं अर्ध्यावर आलं. पूर्ण गेलेलं नाही. आणि नव्या चष्म्यावरही त्यांनी ब्लू कट लेप मागून घेतला. मी हरकत घेतली नाही.

इथे माझं जुन्या स्वतःशी भांडण आहे. आधीची मी म्हणायची: अपाय तर नाही, समाधान मिळतंय, घालू दे. तिचं म्हणणं मला अजून पूर्ण खोडता येत नाही, कारण कोरड्या तर्काने माणूस दुखावून निघून जातो हे मी पाहिलं. पण तिला मी विचारते, चष्मा घेतल्यावरही +0.75 लपून राहिला तो कशामुळे? ‘उपाय झाला आहे’ या समजुतीमुळेच ना? ती म्हणते, मग तू नंबर आधी काढ आणि चष्म्याबद्दल काही बोलू नकोस. कधी कधी मी तसंच करते. नंतर तेही पटत नाही.

आता नाइट मोड. डोळ्याच्या पडद्यात काही पेशी पाहण्यासाठी नसतात, त्या शरीराच्या घड्याळाला दिवस-रात्र कळवतात. त्यांच्यातलं मेलानोप्सिन 480 नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे निळ्या-आकाशी प्रकाशाला सगळ्यात जास्त दाद देतं. म्हणून रात्री निळा कमी करणं ही कल्पना चुकीची नाही. प्रश्न मात्रेचा आहे. 2015 चा तो गाजलेला प्रयोग घ्या. त्यात लोकांनी मंद उजेडाच्या खोलीत, पूर्ण ब्राइटनेसच्या टॅब्लेटवर झोपण्यापूर्वी सलग चार तास वाचलं. रात्र झाल्याचं शरीराला कळवणारं मेलाटोनिन हे संप्रेरक बरंच दबलं, पण छापील पुस्तक वाचणाऱ्या रात्रींपेक्षा झोप लागायला सुमारे दहा मिनिटंच जास्त लागली. पुढे आयपॅडच्या नाइट शिफ्टवर प्रयोग झाला. ब्राइटनेस न घटवता नुसता रंग पिवळा केला, तर मेलाटोनिन दबण्यात लक्षणीय फरक पडला नाही. त्या पेशींना रंगाइतकाच एकूण उजेडही मोजता येतो. शिवाय दिवसा भरपूर उजेडात राहिलेल्या माणसावर संध्याकाळच्या स्क्रीनचा परिणाम कमी होतो.

मग मी तो का लावते? अंधारात पांढरी स्क्रीन मला बोचते आणि पिवळसर बरी वाटते, इतकंच कारण आहे. त्याने मला लवकर झोप लागते असा माझा दावा नाही. मजकूर वाचत जागले तर जागं ठेवतो तो मजकूर, आणि त्यावर कुठल्याही रंगाचा इलाज नाही. नाइट मोड लावलेल्यांचं एक मी नेहमी पाहते: स्क्रीन पिवळी झाली की अंधुक वाटते, मग ते ब्राइटनेस वाढवतात आणि जेवढा निळा कमी केला तेवढा परत आणतात. आधी पट्टी खाली ओढा, खोलीत एक मंद दिवा राहू द्या, मग रंग बदला.

ज्यांचं घड्याळच उशिरा चालतं, पहाटे दोन-तीनशिवाय झोप येत नाही, अशांना संध्याकाळी गडद नारिंगी चष्मा वापरून पाहायला सांगतात, आणि त्याला मी नाही म्हणत नाही. तो सगळं नारिंगी दिसणारा चष्मा असतो, ऑफिसात दिवसभर घालायची पारदर्शक काच नव्हे. तो घातल्यावर निळी स्क्रीन काळी दिसायला हवी, आणि तो घालून गाडी चालवायची नाही.