थकवा नंतर येतो

“गौरीजेवणाला सगळ्यांशी हसूनखेळून बोलता आणि संध्याकाळच्या आरतीला तोंड पाडून उभे. कुणी काही बोललं का तुम्हाला?”

नाही हो, कुणी काही बोलत नाही. दुपार मजेतच जाते. आमचं घर रत्नागिरीजवळच्या वाडीत. चाकरमानी आले की ओटीवर पाय ठेवायला जागा नसते. “कधी आलात? गाडीला गर्दी होती? पोरगा कितवीला?” यात अवघड काहीच नाही, पण थकवणारं आहे. बोलण्याची पाळी बदलताना मधे जेमतेम 200 मिलिसेकंद जातात आणि एखादा शब्द मनात जुळून ओठांवर यायला 600 च्या आसपास लागतात. म्हणजे समोरचा बोलत असतानाच उत्तर तयार ठेवायचं. जुन्या मित्राशी एकच विषय रंगला तर पुढचं वाक्य मागच्यातून आपोआप निघतं. ओटीवर मात्र माणूस बदलतो, विषय बदलतो, शिवाय हा नात्याने कोण, याला अरे म्हणायचं की अहो, तेही तेवढ्यात आठवायचं.

बहिर्मुख माणसंही यात थकतात. फिनलंडमधल्या दोन संशोधकांनी 2017 मध्ये हे दाखवलं. लोकांत मिसळल्यावर त्या वेळी मन प्रसन्न होतं आणि सुमारे 3 तासांनी थकवा जाणवतो, दोन्ही स्वभावांच्या माणसांना. फरक मिळकतीचा असावा. आमच्या मेहुण्यांना नवा माणूस भेटण्याचाच आनंद मोठा. मला तो तितका होत नाही, खर्च मात्र तेवढाच.

आता आरतीचं. पंगत उठून पाहुणे चारला जातात. तेव्हा मी ठणठणीत असतो, म्हणून पूर्वी शेजाऱ्यांकडे दर्शनाला निघायचो. सातला टाळ हातात घेतले की तो आवाजही सोसवायचा नाही. हल्ली चारलाच, बरं वाटत असतानाच, मागल्या पडवीत जातो. समया घासतो किंवा नारळ सोलतो. हात चालू, उत्तर कुणाला द्यायचं नाही. लगेच आडवं झालो तर झोप येत नाही, दुपारचं बोलणं डोक्यात पुन्हा सुरू होतं. फोन आत ठेवतो, कारण व्हॉट्सअॅपवर शुभेच्छांना उत्तरं देणं म्हणजे ओटीवरच परत जाऊन बसणं. घरचे तासभर हाक मारत नाहीत, एवढी सवलत मागून घेतली आहे. आणि पंगतीत मी वाढायला असतो. “आमटी घेणार?” याच्यापुढे बोलणं जात नाही.

पण कुणाला चार दिवस आधीपासून धडधडत असेल, लोक काय म्हणतील म्हणून जाणंच टळत असेल, तर ती भीती आहे, थकवा नव्हे. तिला एकांताने उतार पडत नाही, टाळत गेलं की ती वाढते. त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञाकडे जावं. माझं तसं नाही. तासाभराने हाक मारलीत तर मी आरतीला येतो, टाळही घेतो.