सिंहगडाची चढण आणि नाडी: आठव्या रविवारची नोंद

आतकरवाडीहून सिंहगडाच्या पुणे दरवाजापर्यंतची पायवाट जेमतेम पावणेतीन किलोमीटरची असली तरी तेवढ्यात सुमारे 600 मीटर उंची गाठावी लागते. अधेमधे थोडी सपाटी मिळते, पण बराचसा चढ छातीवर येणारा आहे. सलग आठ रविवार याच वाटेने चढताना मी ठोक्यांच्या नोंदी ठेवल्या. वेळ कमी करणे हा हेतू नव्हता. धाप लागल्यावर नाइलाजाने थांबायचे आणि पुन्हा घाईने सुटायचे, ही माझी जुनी खोड मोडायची होती.

आधी मर्यादा ठरवावी लागली. माझे वय 46 आहे. 220 मधून वय वजा करण्याच्या प्रचलित सूत्राने कमाल ठोके 174 येतात, तर 208 मधून वयाची 0.7 पट वजा केल्यास 176. दोन्ही सूत्रे सरासरीची आहेत आणि एखाद्या व्यक्तीचा खरा आकडा त्यांच्यापेक्षा दहा-बारा ठोक्यांनी इकडेतिकडे असणे अगदी नेहमीचे आहे, म्हणून मी 176 हा केवळ सुरुवातीचा अंदाज मानला. सकाळी अंथरुणातच मोजलेले माझे विश्रांतीचे ठोके 62 असतात. उरलेल्या 114 पैकी 60 ते 75 टक्के त्यांत मिळवले की साधारण 130 ते 148 हा पट्टा येतो.

या कागदी पट्ट्याची परीक्षा श्वासाने घेतली. चढता चढता एक लांब वाक्य मोठ्याने म्हणायचे आणि ते कुठे तुटते ते पाहायचे. 135 च्या आसपास वाक्य एका दमात पूर्ण होत असे, 140 ला मध्ये एकदा श्वास घ्यावा लागे आणि 146 च्या पुढे तीन-चार शब्दांवर अडखळायला होई. त्यामुळे मी वरची मर्यादा 145 धरली. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर गटातील गोळ्या घेणाऱ्यांचे ठोके मुळातच दबलेले असतात. त्यांना ही सूत्रे लागू पडत नाहीत, श्वासाची कसोटी मात्र उपयोगी पडते.

पहिल्या दोन रविवारी एक गोष्ट लक्षात आली. उंच कातळी पायऱ्यांचा तुकडा सुरू झाला की मनगटावरचा आकडा लगेच वाढत नाही. मुळात हृदयाला नव्या श्रमाशी जुळवून घ्यायला थोडा वेळ लागतो, आणि त्यात घड्याळ काही सेकंदांची सरासरी काढून दाखवते. परिणामी तुकडा संपून मी बऱ्या वाटेवर आल्यावर 152 दिसे, म्हणजे चूक होऊन गेल्यावर सूचना मिळे. म्हणून आता अशा छोट्या खड्या तुकड्यांवर मी घड्याळाकडे पाहतच नाही. तिथे दोन पावलांत श्वास आत आणि दोन पावलांत बाहेर असा ताल धरतो. तो टिकेनासा झाला की प्रत्येक पावलाला एक श्वास घेत राहण्याऐवजी पाऊल आखूड करतो, आणि मागचा पाय सरळ करून क्षणभर त्यावर भार टेकवूनच पुढचे पाऊल उचलतो. या टेकण्याने मांडीला दर पावलागणिक थोडी उसंत मिळते. आकड्याचा उपयोग लांब, एकसारख्या चढावर होतो, कारण तिथे तो स्थिरावायला वेळ मिळतो.

तिसऱ्या रविवारी घड्याळाने चांगलेच फसवले. धाप लागलेली, कानशिले उडत होती आणि पडद्यावर 98! त्याच वेळी पावले मोजली तर तीही मिनिटाला जवळजवळ तेवढीच भरली. पट्टा घामाने सैल होऊन मनगटाच्या हाडावर सरकला होता आणि प्रकाशावर चालणारा संवेदक रक्ताच्या स्पंदनाऐवजी हाताच्या झोक्याचा ताल पकडत होता. उभा राहून मनगटावर दोन बोटे ठेवून लगेच पंधरा सेकंद मोजले, 37 ठोके आले, म्हणजे मिनिटाला 148. हे मोजणे थांबल्याबरोबर व्हायला हवे. अर्धा मिनिट उशीर केला तरी आकडा बराच उतरलेला असतो. अंगठ्याने मोजू नये, कारण त्याची स्वतःची नाडी जाणवते. मानेची नाडी जोराने दाबली तर ठोके मंदावू शकतात. पुढच्या खेपेपासून पट्टा हाडाच्या दोन बोटे वर घट्ट बांधतो, आणि श्वास व आकडा यांचे जुळेनासे झाले की श्वासाचे खरे मानून नाडी हाताने मोजतो.

थांबण्याबाबतचा नियम पाचव्या रविवारपर्यंत जमून आला. 145 च्या वर दोन मिनिटे गेली, किंवा पाऊल आखूड करूनही वाक्य तुटतच राहिले, तर थांबायचे. एकदम बसायचे नाही, कारण जोराच्या श्रमानंतर अचानक स्थिर झाल्यास पायांत रक्त साचून भोवळ येऊ शकते. सावलीत उभ्यानेच जागच्या जागी पाय हलवत राहायचे आणि पहिल्या मिनिटात ठोके किती उतरतात ते पाहायचे. चांगल्या दिवशी माझे 146 वरून 118 ला येतात. 115 च्या खाली आल्यावर, दोन घोट पाणी पिऊन निघायचे. पूर्वी मी धाप ओसरली की निघत असे, पण धाप आधी ओसरते आणि ठोके मागाहून, त्यामुळे पुढचा चढ वरच्याच आकड्यावरून सुरू होई.

सातवा रविवार ऑक्टोबरच्या उन्हातला. आदल्या रात्री चारच तास झोप झाली होती आणि सकाळचे ठोके 62 ऐवजी 70 होते. तिथेच सावध व्हायला हवे होते, पण गाडी ठरली होती. निघायलाही उशीर झाला. नेहमीच्या चालीत सुरुवातीच्या टप्प्यावर 128 असायचे, तिथे 139 दिसले. उष्णता आणि घामाने पाणी कमी झाले की तेवढ्याच चालीला हृदयाला जास्त ठोके द्यावे लागतात, म्हणून चाल कमी केली. तरीही अर्ध्या चढावर 151 झाले. थांबलो. मिनिटाने 141, तीन मिनिटांनी 134. पाणी प्यायलो, आणखी दहा मिनिटे थांबलो, तरी 120 च्या खाली येईना. छातीत काहीही दुखत नव्हते, चक्करही नव्हती. पण वर अजून निम्मी वाट आणि वाढते ऊन होते, म्हणून तिथूनच उतरलो. सोबतच्या मित्राला ते पटले नाही. छातीत दाब, जबडा किंवा हाताकडे जाणारी कळ, गार घाम, भोवळ किंवा ठोक्यांचा ताल बिघडल्याची जाणीव यांपैकी काहीही असते, तर मी आकड्याची वाट न पाहता तिथेच बसून मदत मागितली असती. अशा वेळी एकट्याने उतरत सुटणेही चुकीचे.

काल आठव्या खेपेला पहाटे साडेपाचला निघालो. सकाळचे ठोके 61. पहिली पंधरा मिनिटे मुद्दाम 130 च्या आत ठेवली. मागून आलेले दोन गट पुढे गेले आणि त्यांतला एक वरच्या वळणावर कातळावर बसलेला भेटला. नियमाने दोनदाच थांबलो, दोन्ही वेळा दीड मिनिटाच्या आत 115 च्या खाली. पुणे दरवाजापर्यंत 69 मिनिटे लागली. पहिल्या रविवारी सहा थांब्यांसह 78 लागली होती, आणि त्या दिवशीची माझी चालण्याची गती कालच्यापेक्षा जास्त होती.

पुढच्या रविवारपासून छातीचा पट्टा वापरणार आहे आणि पाठीवर पाच किलो वजन घेणार आहे. 145 ची मर्यादा तीच राहील. वजनाने चाल किती घटते तेवढेच पाहायचे आहे.